लक्षणं नसताना फुल बॉडी स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फॅमिली डॉक्टर आहे. हल्ली दवाखान्यात येणारे बरेच जण दुखणं घेऊन येत नाहीत, रिपोर्टची फाइल घेऊन येतात. चालताना दम लागत नाही, भूक चांगली, झोप चांगली, पण फाइलमध्ये कुठेतरी लाल अक्षरात काहीतरी आहे आणि त्या ओळीने घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली आहे. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं कुठलाही त्रास नसलेल्या माणसांसाठी आहे. वजन उतरतंय, थुंकीतून किंवा शौचातून रक्त जातंय, गाठ हाताला लागतेय, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होतोय, तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरत नाहीये, असं काही असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे स्कॅन लागला तर तो जरूर करायचा.

फुल बॉडी स्कॅनच्या पॅकेजमध्ये नेमकं काय असतं?

नाव एकच असलं तरी आत वेगवेगळ्या गोष्टी असतात. स्वस्त पॅकेजमध्ये साठ-सत्तर रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी असते. त्याच्या वरच्या पॅकेजमध्ये मानेची सोनोग्राफी आणि ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या रक्ततपासण्या, जोडलेल्या असतात. सगळ्यात महागात छाती-पोटाचा सीटी, डोक्यापासून मांडीपर्यंतचा एमआरआय किंवा पेट-सीटी असतो. प्रश्न यातल्या मशीनचा नाही. अपघातात, कॅन्सरच्या उपचारांत, पोटात अचानक कळ आल्यावर हीच मशीन जीव वाचवतात. अडचण येते ती कुठलाच प्रश्न मनात नसताना सगळं शरीर मशीनखाली घातलं की.

मला काही होत नाही, पण एकदा पाहून घेतलं तर बिघडलं कुठे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा पंचेचाळीशीतल्या, काहीही त्रास नसलेल्या 1000 लोकांचा स्कॅन केला. त्यातल्या 5 जणांना खरोखर छुपा, गंभीर आजार आहे असं धरू. हा आकडा हिशेबापुरता आहे, पण या वयाला तो कमी नाही. स्कॅन चांगला आहे, 5 पैकी 4 किंवा 5 जणांचा आजार तो पकडेल. उरलेले 995 जण निरोगी आहेत. लक्षणं नसलेल्यांच्या फुल बॉडी एमआरआयवरचे 12 अभ्यास एकत्र करून 2019 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खोटा धोक्याचा इशारा मिळणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 16 टक्के निघालं. तेच प्रमाण इथे लावलं तर 995 पैकी साधारण 159 निरोगी माणसांना ‘काहीतरी संशयास्पद आहे’ असं सांगितलं जाईल.

म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं 164, आणि त्यांतली खरोखर आजारी जेमतेम 5. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांची भीती फुकटची असते. पण आपण त्या सत्त्याण्णवांत आहोत की तिघांत, हे पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

आता हाच स्कॅन, हेच मशीन, पण माणसं वेगळी घेऊ: वजन उतरलेली, खोकल्यातून रक्त पडणारी 1000 माणसं, ज्यांच्यातल्या 200 जणांना खरोखर गंभीर आजार आहे. इथे 180 खरे इशारे मिळतील आणि 128 खोटे. आता रिपोर्टमधल्या संशयाला वजन आलं, कारण निम्म्याहून जास्त वेळा तो खरा निघतो. मशीन बदललं नाही, माणूस बदलला. तपासणीचा निकाल किती खरा मानायचा हे तपासणी करण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं, आणि पॅकेज विकणाऱ्याच्या पत्रकात नेमकं हेच कुठे लिहिलेलं नसतं.

इतक्या निरोगी माणसांत सापडतं तरी काय?

वय वाढलं की केस पांढरे होतात, तसंच आतल्या अवयवांतही खुणा उमटतात. पन्नाशीपुढच्या बऱ्याच लोकांच्या मूत्रपिंडात पाण्याची साधी गाठ असते. यकृतात रक्तवाहिन्यांचा छोटा निरुपद्रवी गुच्छ असतो, त्याला हिमॅन्जिओमा म्हणतात. सोनोग्राफीने बारकाईने पाहिलं तर मोठ्या माणसांतल्या निम्म्याजणांच्या थायरॉइडमध्ये लहानसहान गाठी दिसू शकतात. पोटाचा सीटी काढलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांच्या ॲड्रिनल ग्रंथीवर गाठ दिसते. आणि आपल्याकडे फुप्फुसातला लहान पांढरा ठिपका तर फारच नेहमीचा, कारण टीबीचा जंतू कधीतरी येऊन गेलेला असतो आणि शरीराने तो परतवल्याची ती जुनी खूण असते.

ही सगळी माणसं स्कॅनशिवाय ऐंशीव्या वर्षापर्यंत जगली असती आणि यातली एकही गोष्ट त्यांना कधी कळली नसती.

रेडिओलॉजिस्ट ‘काळजीचं कारण नाही’ असं सरळ का लिहीत नाहीत?

कारण त्यांच्यासमोर चित्र असतं, माणूस नसतो. पाच मिलिमीटरचा ठिपका कशाचा आहे हे अनेकदा चित्रावरून ठरवताच येत नाही. म्हणून ते लिहितात: ‘क्लिनिकल माहितीशी जुळवून पाहावे’, ‘तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन सुचवला आहे’. डॉक्टरला ही भाषा रोजची असते. रुग्णाला ती ‘मला कॅन्सर असू शकतो’ अशी ऐकू येते. पॅकेजमध्ये तर जुळवून पाहायला क्लिनिकल माहितीच नसते, कारण आधी कोणी तपासलेलंच नसतं. रेडिओलॉजिस्टला दोष देऊ नका. एखादी गोष्ट लिहायची राहिली आणि पुढे ती खरी निघाली तर जबाबदारी त्यांच्यावर येते, म्हणून ते दिसेल ते लिहितात.

एकदा काहीतरी सापडलं की पुढे काय घडतं?

हे एका उदाहरणाने नीट कळेल. पुढची हकिगत कोणा एका व्यक्तीची नाही, वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती मांडली आहे. यातली प्रत्येक पायरी मात्र रोज कुठे ना कुठे घडते.

साताऱ्यातल्या एक शिक्षिका, वय 51, तंबाखू नाही, रक्तदाब नॉर्मल, तब्येत उत्तम. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर त्या सवलतीचं पॅकेज घेतात: छाती-पोटाचा सीटी, शिरेतून औषध देऊन, आणि सोबत मानेची सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये तीन ओळी ठळक येतात. उजव्या फुप्फुसात 5 मिलिमीटरचा ठिपका. डाव्या ॲड्रिनलवर 14 मिलिमीटरची गाठ. थायरॉइडमध्ये 11 मिलिमीटरची गाठ, थोडा संशय, श्रेणी 3.

फुप्फुसापासून सुरुवात करू. कॅन्सरचा धोका कमी असलेल्या माणसात 6 मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्याचा पुन्हा स्कॅन काढायची गरज नाही, असं फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे हा विषय पहिल्याच भेटीत मिटायला हवा. पण रिपोर्टवर ‘तीन महिन्यांनी सीटी’ असं लिहिलेलं आहे आणि घरच्यांनी ते वाचलेलं आहे, म्हणून सीटी होतो. ठिपका तेवढाच असतो. नशिबाने इथे कोणी सुई टाकायला सांगत नाही. ठिपका मोठा असता आणि सुईने तुकडा काढायचं ठरलं असतं, तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका होता. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा तपासणीनंतर शंभरातल्या 15 जणांना ते झालं आणि सहा-सात जणांच्या छातीत नळी घालावी लागली.

ॲड्रिनलची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ही छोटी ग्रंथी कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन अशी हॉर्मोन बनवते. तिच्यावरची गाठ निरुपद्रवी आहे की नाही हे बहुतेक वेळा सीटीवरच्या एका आकड्यावरून कळतं. गाठीत चरबी भरपूर असेल तर ती सीटीला विरळ दिसते. तो विरळपणा हाउन्सफिल्ड युनिटमध्ये मोजतात. आकडा 10 किंवा त्याहून कमी आणि गाठ सगळीकडे एकसारखी असेल तर ती साधी गाठ समजायची, पुढे स्कॅन नकोत. पण हा आकडा औषध न देता काढलेल्या सीटीवरच वाचता येतो. पॅकेजमधला सीटी औषध देऊन काढलेला आहे, म्हणून तो आकडा निरुपयोगी. बाईंना पुन्हा सीटी काढावा लागतो, या वेळी औषधाशिवाय. आकडा येतो 6. गाठ साधी.

तरी विषय मिटत नाही, कारण गाठ हॉर्मोन जास्त बनवत नाही ना हेही पाहायचं असतं. त्यासाठी रात्री अकराला डेक्सामिथाझोनची 1 मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. गोळीने कॉर्टिसॉल दबला पाहिजे, म्हणजे डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली यायला हवा. बाईंचा येतो 2.3. आता घरात कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार, हा नवा शब्द शिरतो आणि रात्रभर फोनवर त्याचं वाचन चालतं. खरं तर त्या रात्री त्या भीतीने झोपल्याच नव्हत्या, आणि झोप न होणं, ताण असणं, संततिनियमनाच्या गोळ्या चालू असणं, यातल्या कशानेही हा आकडा थोडा वर जाऊ शकतो. तपासणी दुसऱ्यांदा होते, या वेळी आकडा 1.4 येतो.

थायरॉइडला सगळ्यात जास्त वेळ लागतो. श्रेणी 3 च्या गाठीत सुई टाकायची ती अडीच सेंटिमीटरला पोहोचल्यावर, आणि दीड सेंटिमीटरच्या आत असेल तर नियमित सोनोग्राफीचीही गरज नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत सांगते. बाईंची गाठ 11 मिलिमीटरची. सुई टाकायला नको होती, पण ‘मनाच्या समाधानासाठी’ टाकली गेली. पेशींचा रिपोर्ट येतो ‘अनिश्चित’. ना साधा, ना कॅन्सर. असा रिपोर्ट थोड्या थोडक्या नव्हे, बऱ्याच जणांना येतो. मग पुन्हा सुई. मग एक सर्जन म्हणतात, अर्धी ग्रंथी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल.

सात-आठ महिने गेले. दोन जादा सीटी, दोनदा रात्रीची गोळी आणि रक्त, दोनदा सुई, तीन तज्ज्ञांच्या फेऱ्या. पॅकेजच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला, आणि बाई सुरुवातीला होत्या तेवढ्याच निरोगी आहेत. फरक एवढाच की आता त्या रोज मानेला हात लावून पाहतात.

पण माझ्या ओळखीत एकाचा कॅन्सर असाच लवकर सापडला आणि तो वाचला. त्याचं काय?

असं कधीकधी खरोखर घडतं, आणि त्या माणसाच्या बाबतीत स्कॅन उपयोगी पडला हे नाकारायचं कारण नाही. पण सापडलेला प्रत्येक कॅन्सर सापडल्यामुळेच बरा होतो असं नाही. काही कॅन्सर इतके संथ असतात की ते आयुष्यभर त्रास देत नाहीत. काही इतके वेगवान असतात की दोन स्कॅनच्या मधल्या काळातच पसरतात. लवकर सापडण्याचा फायदा होतो तो या दोघांच्या मधल्या गटाला, आणि तो गट नेमका किती मोठा आहे हे फक्त हजारो लोकांवरच्या चाचणीतून कळतं, एखाद्याच्या अनुभवातून नाही.

दक्षिण कोरियात काय झालं ते यासाठी पाहण्यासारखं आहे. तिथे 1999 साली सरकारी कॅन्सर तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हतं. पण दवाखाने थोडे पैसे जास्त घेऊन मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले, अगदी आपल्या पॅकेजमध्ये जोडतात तशी. लोकांनी आनंदाने करून घेतली. 2011 साली थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं होतं. एका वर्षात 40,000 हून जास्त लोकांना निदान झालं.

इतका कॅन्सर लवकर पकडला गेला, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. थायरॉइड कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेले बहुतेक कॅन्सर कधीही जीव घेणार नव्हते. पण निदान झालेल्या जवळजवळ सगळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. सुमारे 11 टक्के जणांच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना इजा झाली आणि सुमारे 2 टक्के जणांची स्वरतंतूची नस दुखावून आवाज बसला. 2014 साली तिथल्याच डॉक्टरांनी एकत्र येऊन लोकांना ही सोनोग्राफी करू नका असं जाहीर सांगितलं, आणि वर्षभरात ऑपरेशनची संख्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली.

यातल्या प्रत्येक रुग्णाला ‘माझा कॅन्सर लवकर सापडला म्हणून मी वाचलो’ असंच मनापासून वाटत असणार. आपल्याला ऐकू येतात त्या गोष्टी बऱ्याचदा अशाच असतात.

रक्तातले ट्यूमर मार्कर तर साधे आहेत, सुई टोचली की झालं. ते करायला काय हरकत आहे?

हे मार्कर मुख्यतः ज्यांना कॅन्सर आहे हे माहीत आहे त्यांचे उपचार लागू पडताहेत का, हे पाहण्यासाठी वापरतात. निरोगी माणसात ते शंभर कारणांनी वाढतात. सीए-125 हा अंडाशयाच्या कॅन्सरचा म्हणून विकला जाणारा मार्कर पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे आणि पोटाच्या टीबीमुळेही वाढतो. सीईए धूम्रपानाने वाढतो. सीए 19-9 पित्ताच्या खड्याने पित्तनळी अडली की वाढतो.

अमेरिकेत सुमारे 78,000 स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांची दरवर्षी सीए-125 आणि सोनोग्राफी करून, निम्म्यांची नेहमीची देखभाल. 2011 साली निकाल आला: अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. 3,285 स्त्रियांना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या 1,080 जणींचं ऑपरेशन झालं आणि त्या ऑपरेशनमध्ये 15 टक्के जणींना किमान एक गंभीर गुंतागुंत झाली. कॅन्सर नसलेल्या बायकांचं पोट उघडलं गेलं, हे वाक्य मला आजही वाचवत नाही. ब्रिटनमध्ये 2,00,000 हून जास्त स्त्रियांवर त्याहून सुधारित पद्धतीने चाचणी झाली. 2021 सालच्या अंतिम निकालात तिथेही मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

पॅकेजमध्ये मार्कर असतील तर ते काढून टाकायला सांगा.

पेट-सीटी सगळ्यात भारी म्हणतात. त्यात तर चूक होत नसेल?

पेट-सीटीमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चित्रात चमकतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात हे खरं, पण संसर्गाशी लढणाऱ्या पेशीही खातात. टीबीची गाठ, नुकताच होऊन गेलेला न्यूमोनिया, लस घेतल्यावर काखेत सुजलेली गाठ, हे सगळं चमकतं. आपल्यासारख्या टीबी असलेल्या देशात लक्षणांशिवाय पेट-सीटी करणं म्हणजे खोट्या इशाऱ्यांना आमंत्रण आहे. वर त्यातून 20 ते 25 मिलिसीव्हर्टपर्यंत किरणं शरीराला मिळू शकतात. माणसाला निसर्गातून वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात, यावरून अंदाज यावा. आजारी माणसासाठी हा धोका घेण्यासारखा असतो. निरोगी माणसाने तो कशासाठी घ्यायचा?

एमआरआयला किरणं नसतात. मग तो तरी चालेल?

किरणं नाहीत हे बरोबर आहे, पण या पानावरची मुख्य तक्रार किरणांची नव्हतीच. वर सांगितलेला 16 टक्क्यांचा आकडा एमआरआयचाच आहे. त्याच आढाव्यात जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत गंभीर किंवा ‘नक्की सांगता येत नाही’ अशा गोष्टी सापडल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी ही स्कॅन वाचणाऱ्यांचीच संघटना आहे. लक्षणं, जोखीम किंवा घरातला इतिहास नसलेल्यांना फुल बॉडी तपासणी सुचवण्याइतका पुरावा नाही, असं तिने 2023 साली जाहीर केलं.

सगळं नॉर्मल आलं तर निदान मन तरी शांत होईल ना?

होईल, आणि कधीकधी नको तितकं. गर्भाशयमुखात कॅन्सर होण्याआधी वर्षानुवर्षं जे बदल होतात ते सीटीला दिसत नाहीत. मावा-गुटख्याने तोंडात पडलेला पांढरा चट्टा स्कॅनला दिसत नाही, तोंड उघडून बॅटरी मारली की दिसतो. रक्तदाब तर कुठल्याच चित्रात दिसत नाही. ‘फुल बॉडी नॉर्मल आली’ म्हणून छातीत दुखत असताना ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नॉर्मल रिपोर्ट त्या दिवसापुरता, आणि जे त्या मशीनला दिसू शकतं तेवढ्यापुरताच असतो.

मग काहीच तपासायचं नाही का?

असं मुळीच नाही. ज्या तपासणीने मृत्यू कमी होतात हे हजारो लोकांवर दाखवून दिलंय ती जरूर करा, आणि अशी काही कामं आपल्याच राज्यात झालेली आहेत.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून गावोगावच्या 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून जास्त स्त्रियांवर एक चाचणी झाली. काही गावांत स्त्रियांची एकदा एचपीव्ही तपासणी केली, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू आहे का ते पाहिलं, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत फक्त माहिती दिली. 2009 साली निकाल जाहीर झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची पाहणी करवली. तिथे हे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2014 साली प्रसिद्ध झालं. सीटी नाही, एमआरआय नाही. एक कापसाचा बोळा, एक दिवा आणि नीट शिकवलेली बाई.

त्यामुळे तिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि साखर मोजा. तंबाखू खात असाल किंवा कधी खाल्लेली असेल तर तोंड दाखवा. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी आणि स्तनांची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांपुढच्यांसाठी हेच तपासतात, आणि ते फुकट असतं. चाळिशीपुढे कोलेस्टेरॉल पाहावं. बाकीचं तुमचं वय, सवयी आणि घरातला इतिहास पाहून डॉक्टर ठरवतील. वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी कमी किरणांचा छातीचा सीटी उपयोगी ठरतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 2011 साली दिसलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. पण त्या चाचणीतही संशयास्पद म्हटलेल्या शंभर निकालांतले 96 खोटे निघाले, आणि हे जोखीम मुळातच जास्त असलेल्या लोकांत.

आमच्या घरात कॅन्सर आहे. मी तरी फुल बॉडी करावा का?

तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळं उत्तर हवं. आई आणि मावशी दोघींना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा वडील आणि काका दोघांना तरुणपणी आतड्याचा, तर जनुक सल्लागाराला भेटा. तुम्हाला त्या-त्या अवयवाची, ठराविक वयापासून, ठराविक अंतराने तपासणी लागेल. काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांत फुल बॉडी एमआरआयही सुचवतात, पण ते जनुक तपासणीनंतर तज्ज्ञ ठरवतात. आजोबांना ऐंशीव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, एवढ्यावरून तुमची जोखीम फारशी बदलत नाही.

मुलाने अमेरिकेतून आमच्यासाठी पॅकेज बुक केलंय. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल.

हे फार घरांत होतं. लांब राहून आईवडिलांसाठी दुसरं काय करणार, म्हणून मुलं ऑनलाइन पैसे भरतात. त्यामागची माया खरी आहे. त्याला सांगा की पैसे परत मिळत असतील तर ते डोळ्यांची तपासणी, दातांचं काम, न्यूमोनियाची लस, कानाचं मशीन, गुडघ्यासाठी फिजिओथेरपी यांना लाव. सत्तरीतल्या आईवडिलांना स्कॅनपेक्षा यांचा उपयोग कितीतरी जास्त आहे. आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून दे. परत मिळत नसतील तर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन एवढंच करून बाकीचं सोडून द्या. पैसे भरले म्हणून सगळं करायलाच पाहिजे असं नाही.

याचा विम्यावर काही परिणाम होतो का?

होऊ शकतो. नवीन आरोग्य विमा घेताना आधी माहीत असलेले आजार आणि तपासण्यांचे निकाल विचारतात, आणि ते खरे सांगावे लागतात. ‘ॲड्रिनलवर गाठ’ ही ओळ निरुपद्रवी असली तरी फॉर्ममध्ये लिहावी लागते. त्यावरून हप्ता वाढू शकतो किंवा त्या आजारासाठी थांबायचा काळ लागू शकतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीवर 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. निव्वळ तेवढ्यासाठी मार्चमध्ये पॅकेज घेणारे बरेच आहेत. ही वजावट साध्या तपासण्यांनाही मिळते.

माझा स्कॅन होऊन गेलाय आणि त्यात काहीतरी आलंय. आता काय करू?

आधी श्वास घ्या. वरचा हिशेब तुम्हालाही लागू आहे: लक्षणं नसतील तर हे निरुपद्रवी असण्याची शक्यताच खूप जास्त आहे.

नुसता कागद नको, स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्या. मग घरात जुना एक्स-रे, जुनी सोनोग्राफी, ऑपरेशनच्या वेळचा एखादा सीटी आहे का ते शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच ठिपका तेवढाच दिसला तर पुढचं बहुतेक सगळं टळतं. एका जुन्या फिल्मने एक बायोप्सी वाचल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

नंतर एकाच डॉक्टरकडे जा, जो तुम्हाला आधीपासून ओळखतो. तीन तज्ज्ञांकडे तीन वेगळ्या फायली घेऊन फिरू नका. डॉक्टरला तीन गोष्टी विचारा. ही गाठ या आकाराची असताना मार्गदर्शक सूचना काय सांगतात? पुढची तपासणी केली आणि ती वाईट आली तर आपण काय करणार, आणि ते या वयात करण्यासारखं आहे का? आणि काही महिने थांबून पाहिलं तर त्यात धोका किती? डॉक्टर म्हणाले की थांबलेलं चालेल, तर पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तोवर फाइल कपाटात ठेवा. मधल्या काळात त्याविषयी नेटवर शोधू नका. भीतीमुळे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर तेही डॉक्टरला सांगा. त्यावरही उपचार आहेत, आणि कित्येकदा त्या फाइलमधल्या सगळ्या ओळींपेक्षा उपचारांची गरज त्यालाच जास्त असते.